उसाच्या बिलात नसलेला रकाना

मावशीची शेळी गेली तेव्हा मी योगायोगानं तिच्याकडेच होतो. नारायणगाव सोडून कालव्याच्या कडेनं आत गेलं की तिची वस्ती लागते. चार घरं, एक हातपंप, दोन कुत्री, आणि तिन्ही बाजूंनी ऊस. पहाटे कुत्री भुंकून एकदम गप्प झाली. उजाडल्यावर पाहिलं, तर छपराची ताटी एका कोपऱ्यात वाकलेली आणि दावं तुटलेलं. उसाच्या कडेला ओढत नेल्याची खूण होती आणि आत पंधरा-वीस पावलांवर शेळी.

"हात नको लावू," मावशी म्हणाली. "पंचनामा होईस्तोवर तशीच राहू दे."

हे शहाणपण तिला वहिवाटीनं आलेलं. जनावर मारलं गेलं की अठ्ठेचाळीस तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचं, मढं जागेवरून हलवायचं नाही, पशुवैद्यकीय डॉक्टरांचा दाखला घ्यायचा. वनरक्षक आला तो आधी शेळीच्या गळ्यापाशी बसला. बिबट्या नरड्याला धरतो. सुळ्यांची दोन-दोन भोकं खोल आणि नीट असतात, बाकी अंगावर फारशी ओरबाड नसते. कुत्र्यांनी मारलेली शेळी निराळी दिसते. मांड्या फाडलेल्या, शेपटीकडून लचके तोडलेले, आणि झटापट दहा ठिकाणी. कुत्र्यांनी मारलेल्या शेळीची भरपाई मिळत नाही, म्हणून ही पाहणी. मग ओल्या सरीत ठसा सापडला. चार बोटं, मागे मोठी गादी, नखांची खूण नाही. मांजराच्या जातीतलं जनावर चालताना नखं आत ओढून घेतं. कुत्र्याची नखं मातीत उमटतात. कागदावर तेवढं लिहिलं गेलं आणि शेळीची गोष्ट सरकारदरबारी सुरू झाली.

शेळी गाभण होती. बाजारात तिचे चौदा हजार सहज आले असते. नियम असा की बाजारभावाच्या पाऊण पट किंवा पंधरा हजार, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे साडेदहा हजार. उरलेले साडेतीन हजार, पोटातली करडं, नातवाचं दूध, कचेरीत घातलेले दोन दिवस आणि त्या दोन दिवसांचा बुडालेला रोज, हे सगळं मावशीचं. भरपाईचे साडेदहा हजार राज्याच्या तिजोरीतून, म्हणजे चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंत कर भरणाऱ्या सगळ्यांचे.

आणि ज्या उसात तो बिबट्या दिवसभर पडून होता, त्या उसाचे? शून्य.

हे शून्य ऊसमालकाच्या मनात काही वाकडं होतं म्हणून आलेलं नाही. तो भला माणूस आहे. शेळी गेल्याचं कळल्यावर तोच पहिला धावत आला, वनरक्षकाला फोनही त्यानंच लावला. पण उसाच्या भावात, कारखान्याच्या हिशेबात किंवा पुण्यातल्या चहाच्या कपात पडणाऱ्या साखरेच्या किमतीत मावशीच्या शेळीला जागाच नाही. दोघांच्या व्यवहारात तिसऱ्याचा जो खर्च होतो आणि जो त्या व्यवहाराच्या किमतीत उमटत नाही, त्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकांत 'बाह्यता' म्हणतात. धडा शिकवताना उदाहरण बहुधा कारखान्याच्या धुराचं देतात. जुन्नर-आंबेगावात तो धूर चार पायांवर चालतो.

*

बिबट्या इथला जुनाच. पश्चिमेला सह्याद्री आहे, भीमाशंकर आणि माळशेजचं रान आहे. पण तो त्या रानातून उठून पूर्वेच्या सपाट शेतात मुक्कामाला कसा आला, ही पाण्याची गोष्ट आहे. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणं येतात. पहिली चार जुन्नरात, डिंभे आंबेगावात घोड नदीवर. या धरणांचं पाणी कालव्यांनी खाली पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत जातं. त्याआधी या पट्ट्यात बाजरी, ज्वारी, मटकी, हुलगा अशी कोरडवाहू पिकं होती. ही पिकं तीन-चार महिने रानात उभी राहत. होळीपर्यंत शिवार मोकळं व्हायचं, आणि मोकळ्या शिवारात बिबट्याला दिवस काढायला जागा नसे.

उसाचं तसं नाही. सुरू ऊस बारा महिने उभा असतो, पूर्वहंगामी चौदा-पंधरा, आणि आडसाली सोळा ते अठरा. लावणी एकाच वेळी होत नाही. शेजारच्या चार शेतांत चार वयांचा ऊस असतो, शिवाय तोडून झालेल्या बुंध्यांवर खोडवा फुटतच असतो. त्यामुळे वर्षातला असा एकही दिवस नसतो, की गावाच्या शिवारात कुठेच पुरुषभर उंचीचा ऊस नाही. आत सावली, गारवा, सरीला पाणी, खाली पाचटाची मऊ गादी. मादी तिथे वितेही. तीन महिन्यांच्या आसपास गाभण राहते, बहुतेक दोन-तीन पिल्लं होतात, आणि ती पिल्लं उसालाच जंगल समजून वाढतात. त्यांनी दुसरं जंगल पाहिलेलंच नसतं.

ऊस बिबट्याला आसरा देतो, अन्न देत नाही. अन्न वस्तीतून येतं. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारातल्या बिबट्यांचा अभ्यास केला. त्यांच्या विष्ठेतून आहार तपासला, तर वजनाच्या हिशेबानं सत्त्याऐंशी टक्के भक्ष्य पाळीव जनावरांचं निघालं, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा एकोणचाळीस टक्के. म्हणजे उकिरडा कुत्री पोसतो, कुत्री बिबट्या पोसतात, आणि ऊस त्याला दिवसभर झाकून ठेवतो. हे मुद्दाम लिहितो, कारण सगळा दोष एकट्या उसावर टाकला तर हिशेब सोपा होईल पण चुकेल. बाह्यतेचे हिशेब असेच गुंत्याचे असतात. कारण एक नसतं, आणि प्रत्येक कारणाचा मालक दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

तोडणी सुरू झाली की खर्च कुणाच्या पाठीवर पडतो ते स्पष्ट दिसतं. नोव्हेंबरपासून कारखान्यांची धुराडी पेटतात. जुन्नरला निवृत्तीनगरचा विघ्नहर, आंबेगावात पारगावच्या दत्तात्रयनगरचा भीमाशंकर. बीड-अहिल्यानगरकडून टोळ्या येतात आणि शेताच्या बांधावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे कोयते चालू होतात. एकेक सर पडत जाते तशी बिबट्याची जागा आकसते. तो उरलेल्या तुकड्यात सरकतो, तो तुकडाही पडला की पुढच्या शेतात, नाहीतर वस्तीकडे. मधेच कुणीतरी ओरडतं आणि कोयते थांबतात. पाचटात मांजरीच्या पिल्लांसारखी दोन-तीन पिल्लं असतात. वनखात्याची माणसं येतात, पिल्लांची तपासणी होते, आणि संध्याकाळी ती प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये घालून सापडली त्याच जागी ठेवतात. कॅमेरा लावतात आणि सगळे दूर जाऊन बसतात. रात्री मादी येते, क्रेट पाडते, एकेक पिल्लू मानेला धरून नेते. हे इथे आता नित्याचं झालं आहे. पिल्लं उचलून नेली तर चवताळलेली मादी त्याच शिवारात फिरत राहते, हे सगळ्यांना पटलेलं आहे. त्या रात्री टोळीची कोपी मात्र त्याच बांधावर असते. कोपीला दार नसतं. आई-बाप पहाटे सरीत गेले की आत मूल झोपलेलं असतं.

माणसांवरचे बहुतेक हल्ले असेच होतात: संध्याकाळी किंवा पहाटे, उसाच्या कडेला, आणि बऱ्याचदा लहान मुलावर किंवा वाकून बसलेल्या माणसावर. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे यातल्या शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत दोन मुलं आणि एक वृद्ध बाई गेली. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. त्याच सुमारास शेतात जाणाऱ्या बायका गळ्यात लोखंडी खिळ्यांचे पट्टे घालू लागल्या. त्यांची छायाचित्रं सगळीकडे छापून आली. बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून धनगर पूर्वापार आपल्या कुत्र्यांच्या गळ्यात असा पट्टा बांधतात. तो बाईनं घालायचा, स्वतःच्या पैशानं करून घ्यायचा, आणि तोच घालून दुसऱ्याच्या शेतात खुरपायचं. साखरेच्या उत्पादनाचा हाही एक खर्च आहे. फक्त तो कारखान्याच्या ताळेबंदात सापडणार नाही.

*

आता उसाच्या भावाकडे येऊ. केंद्र सरकार दरवर्षी रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, ठरवतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता, म्हणजे टनाला ३,५५०. त्यातून तोडणी आणि वाहतूक वजा होऊन बाकी शेतकऱ्याच्या खात्यात पडते. हा दर ठरवताना लागवडीचा खर्च, साखरेचा उतारा, साखरेचा भाव, मळी-बगॅसचं उत्पन्न, शेतकऱ्याचा नफा अशा गोष्टी बघतात. व्यवहारात समोरासमोर असलेल्या दोघांचं, शेतकऱ्याचं आणि कारखान्याचं, त्यात सगळं येतं. तिसऱ्याचं काहीच येत नाही. तिसरा त्या खोलीत बसलेलाच नसतो.

भाव म्हणजे शेवटी वाटाघाटीची बेरीज. जो घासाघीस करू शकतो त्याचा खर्च किमतीत शिरतो. तोडणीवाल्यानं संप केला की तोडणीचा दर वाढतो आणि तो किमतीत दिसतो. डिझेल महागलं की वाहतूक महागते. मावशी संप करू शकत नाही, कारण ती कुणाला काही विकतच नाही. तिच्याकडून फक्त घेतलं जातं, आणि घेणाऱ्यालाही आपण काही घेतोय याची कल्पना नसते. बाजार दुष्ट असतो असं नाही. त्याला फक्त पावतीवरचं वाचता येतं.

याच साखरेच्या धंद्यातली दुसरी बाह्यता पुस्तकातल्या उदाहरणाच्या जवळची आहे. मळीपासून अल्कोहोल करताना लिटरमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. काळपट, आंबट वासाचा, आणि ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू शोषून मासे मारणारा. महाराष्ट्रातल्या कित्येक ओढ्यांनी तो पाहिला. पण तिथे निदान नळी दिसते. नळी कुणाची ते कळतं, पाण्याचा नमुना बाटलीत भरता येतो. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे, प्रदूषण मंडळ आहे, आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या बिछडीच्या रासायनिक कारखान्यांच्या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की जो घाण करतो त्यानंच निस्तरायचं. पुढे नियम कडक होत गेले. आसवन्यांना स्पेंटवॉश बाहेर सोडायचाच नाही, आटवून-जाळून किंवा खतात मुरवून संपवायचा, असं बंधन आलं. तेव्हा कुठे यंत्रं आली, आणि त्यांचा खर्च अल्कोहोलच्या किमतीत शिरला. अंमलबजावणीत भोकं आहेत ती आहेतच. पण बाहेर टाकलेला खर्च ओढून आत आणता येतो, याचा हा पुरावा.

बिबट्याची नळी दिसत नाही. तो कुणाच्या उसातून आला? काल या शेतात, परवा त्या. पाणी सरकारनं आणलं, साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज २०२४ पासून सरकारनं मोफत केली, ऊस हजारो शेतकऱ्यांनी लावला, कारखान्यानं घेतला, साखर सगळ्यांनी खाल्ली, आणि बिबट्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं पहिल्या अनुसूचीत बसवून संरक्षण दिलं. ते दिलं हे योग्यच. पण त्या संरक्षणाचा फायदा साऱ्या देशाला आहे आणि त्याची रात्रपाळी मात्र मावशीच्या वस्तीला. इथे दोन बाह्यता एकमेकींवर बसलेल्या आहेत. एक साखरेची, दुसरी निसर्गरक्षणाची. दोन्हींचं बिल एकाच छपरावर येतं.

*

बाह्यतेवर दोन इंग्रजांचे दोन विचार चालतात. केंब्रिजच्या आर्थर पिगू यांनी १९२० च्या आपल्या ग्रंथात मांडलं, की ज्याच्या धंद्यानं दुसऱ्याचं नुकसान होतं त्याच्यावर त्या नुकसानीएवढा कर बसवा, मग किंमत खरी होईल. रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये दुसरी बाजू मांडली, आणि त्यांचं उदाहरण इथे चपखल बसतं. एकाची गुरं शेजाऱ्याच्या पिकात घुसतात. कोस म्हणाले, हक्क कुणाचा हे स्पष्ट असेल आणि दोघांना बसून बोलायला काही खर्च येत नसेल, तर ते आपसात सौदा करतील. कधी गुरंवाला भरपाई देईल, कधी शेतकरी कुंपणाचे पैसे देईल. ज्यात दोघांचं मिळून कमी नुकसान ते घडेल. या 'नसेल तर' मध्ये सगळं आहे. बोलण्याला, शोधण्याला, करार करून तो पाळून घेण्याला खर्च येतोच, आणि बहुतेक वेळा तो एवढा असतो की सौदा होतच नाही. कोस यांच्या म्हणण्याचा हा अर्धा भाग लोक विसरतात. त्यांना १९९१ मध्ये नोबेल मिळालं ते बऱ्याच अंशी या अर्ध्यासाठी.

मावशीच्या वस्तीवर हा सौदा मांडून पाहू. तिच्या छपरापासून उसाची पहिली सरी दहा फुटांवर आहे. ही कड वीस फुटांनी मागे सरली, आणि त्या पट्ट्यात कांदा, मेथी, घास असं गुडघ्याखालचं पीक घेतलं, तर बिबट्याला आडोशातून थेट छपरावर झेप घालता येणार नाही. त्याला उघड्यावरून यावं लागेल, कुत्री आधी भुंकतील, दिव्याच्या उजेडात तो दिसेल. वस्तीभोवती अशी मोकळी पट्टी ठेवा, हा सल्ला नवा नाही.

त्या पट्टीची किंमत किती? वस्तीच्या बाजूची उसाची कड दोनशे फूट लांब. वीस फूट रुंद पट्टी म्हणजे चार हजार चौरस फूट. गुंठा १,०८९ फुटांचा, म्हणजे पावणेचार गुंठ्यांना थोडी कमी. एकरी चाळीस टन ऊस धरला तर गुंठ्याला एक टन, म्हणजे पट्टीतून सुमारे पावणेचार टन. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला तीन हजार हाती येतात असं धरलं, तर अकरा हजारांच्या आसपास. यातून बेणं, खत, मजुरी असा वाचलेला खर्च वजा करा, कांद्या-घासाचे चार पैसे मिळवा. ऊसमालकाचा निव्वळ तोटा वर्षाला चार-पाच हजारांवर जाणार नाही. मावशीची एक शेळी चौदा हजारांची आहे. नातवाची किंमत मी मांडत नाही.

म्हणजे चार-पाच हजारांचा तोटा सोसला तर त्याहून कितीतरी मोठा तोटा टळतो, आणि तरी ती पट्टी कुणी ठेवत नाही. कारण तोटा एकाच्या खिशातून जातो आणि फायदा दुसऱ्याच्या छपराला होतो. मावशीनं हे पैसे ऊसमालकाला द्यावेत का? तिच्याकडे नाहीत, आणि असले तरी एकाच शेतकऱ्यानं पट्टी ठेवून भागणार नाही. तिन्ही बाजूंच्या तिघांनी ठेवायला हवी. तिघांपैकी एक पुण्यात राहतो, त्यानं शेत वाट्यानं दिलेलं. वाटेकरी एका हंगामाचा. ऊसतोड टोळी तर आठ दिवसांची पाहुणी, आणि मेंढपाळाचा वाडा एका रात्रीचा. त्यांनी कुणाशी सौदा करायचा? कोस यांचा न होणारा सौदा तो हाच.

मी ऊसमालकाला विचारलं होतं. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मी ठेवतो हो. पण पलीकडचा ठेवणार नाही, मग माझा ऊसबी जायचा आन वाघबी यायचा." इथे बिबट्याला वाघच म्हणतात. त्याच्या बोलण्यात खोट काढायला मला जागा दिसली नाही.

*

खर्च आत आणता आला नाही की तो ढकलून देण्याचा मोह होतो, आणि जुन्नरनं हा प्रयोग फार महाग किमतीला करून पाहिला आहे. २००१ च्या सुरुवातीपासून इथे बिबटे पिंजऱ्यात धरून दूरच्या जंगलात सोडण्याची मोठी मोहीम झाली. सरासरी चाळीसेक किलोमीटरवर. लोकांना बरं वाटलं. पिंजऱ्यातला बिबट्या गाडीत चढताना दिसला की प्रश्न गाडीतून निघाल्यासारखा वाटतो. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आकडे तपासले. १९९३ ते २००१ या काळात जुन्नरात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोहीम सुरू झाल्यावर ते सतरावर गेले, आणि जिथे बिबटे सोडले त्या भागांतही हल्ले होऊ लागले. त्यांचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात बिथरलेलं जनावर आपल्या मुलखाकडे परतू पाहतं, वाटेत गावं लागतात. आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरा बिबट्या घेतो, कारण ऊसही तिथेच आणि कुत्रीही तिथेच.

एका गावाचा खर्च दुसऱ्या गावाच्या दारात नेऊन ठेवला, वाटेत तो चौपट झाला. कारखान्यानं धुराडं उंच करून धूर शेजारच्या जिल्ह्यात पाठवावा, तसाच हा प्रकार. तरीही आजसुद्धा प्रत्येक हल्ल्यानंतरची पहिली मागणी पिंजऱ्याची असते. माणूस मेला असताना कुणाला आकडेवारी ऐकवायची? माणसाला चटावलेला बिबट्या धरावाच लागतो, प्रसंगी मारावाही लागतो. पिंपरखेडला तेच करावं लागलं. पण पकडलेले बिबटे कायमचे ठेवायचे कुठे? जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या निवारा केंद्राला मर्यादा आहेत, आणि एकेक बिबट्या पिंजऱ्यात वर्षानुवर्षं जगतो. त्याला रोज मांस लागतं. तेही बिल तिजोरीचंच.

विजेचंही असंच. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीनं मिळते: काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी का, तर दिवसा बाकीच्यांची मागणी जास्त असते आणि तारांवरचा भार वाटून द्यायचा असतो. यात विजेचा हिशेब सुटतो, पण रात्री दोन वाजता बारं द्यायला बॅटरी घेऊन उसाच्या सरीत उतरणारा माणूस त्या हिशेबात नाही. म्हणून बिबट्याच्या तालुक्यांना दिवसा वीज द्या ही मागणी इथे पिंजऱ्याइतकीच जोरात आहे. माझ्या मते ती पिंजऱ्याहून शहाणी आहे. ती बिबट्याला हलवत नाही, माणसाला त्याच्या वेळेतून बाहेर काढते. सौर फीडरची योजना पुढे सरकते आहे तिथे हे साधतं आहे.

*

मग पिगू यांचा कर? लोक म्हणतात, उसावर आणखी कपात म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय. पण उसाच्या बिलात तिसऱ्यासाठी रकाना पाडण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचं ठरलं आणि तेवढेच सरकारनं घालायचे. २०२५-२६ च्या हंगामात मुख्यमंत्री सहायता निधी आणि पूरग्रस्तांसाठी मिळून टनामागे पंधरा रुपये ठरवले गेले, आणि त्यावर ओरडही झाली.

समजा, दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यानं टनामागे पाच रुपये बिबट्याच्या नावानं बाजूला काढले, तर पन्नास लाख होतात. जंगली जनावराच्या हल्ल्यात माणूस गेला तर सरकार पंचवीस लाख देतं, म्हणजे हे दोन मृत्यूंच्या भरपाईएवढे. ते भरपाईत घालवले तर काहीच बदलणार नाही, फक्त पैसे देणारा बदलेल. पण वर हिशेब केलेल्या पट्टीसाठी वर्षाला पाच हजार धरले, तर त्याच पन्नास लाखांत हजार पट्ट्या राहतात. तिथे तिघांपैकी पुण्यात राहणाऱ्यालाही कारण मिळतं: पट्टी दाखव, पैसे घे. स्लिपबॉय तोडीच्या वेळी शेतावर येतोच, त्यानं कड मोजायची. तो सौदा माणसं आपसात करू शकत नव्हती, कारखाना त्यांच्या वतीनं करू शकतो, कारण परिसरातल्या प्रत्येक गटाच्या लावणीची नोंद त्याच्याकडे आधीपासून आहे. कुणाचा ऊस कधी लागला, कोणत्या जातीचा, कधी तुटणार, हे त्याच्या शेतकी खात्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

यानं बिबटे कमी होतील असं मात्र नाही. पाच रुपयांनी कुणी ऊस सोडणार नाही. हमीचा भाव आणि कालव्याचं पाणी असताना पन्नासांनीही सोडणार नाही. पिगू यांच्या पुस्तकातला कर धंदा आकुंचित करतो. इथे तो फक्त बिबट्या आणि छप्पर यांच्यामध्ये वीस फूट विकत घेईल. शिवाय ज्या वस्त्यांना ऊस लागूनच नाही, ज्यांची कुत्री उकिरड्यावर पोसली जातात, त्यांना या पट्टीचा उपयोग नाही. आणि कपात एकदा सुरू झाली की ती दुसरीकडे वळणार नाही याची खात्री कोण देणार, ही शंकाही अनुभवातून आलेली आहे.

*

मावशीला भरपाई मिळाली, पण पाच महिन्यांनी. तोवर तिनं वाट पाहिली नव्हती. उसनवारी करून छपराला तिन्ही बाजूंनी लोखंडी जाळी मारून घेतली, वरून पत्रा, आणि दाराला दोन कड्या. उरलेल्या दोन्ही शेळ्या संध्याकाळी सहालाच आत. जाळीचे बावीस हजार झाले, असं तिनं बोटांवर मोजून सांगितलं. साडेदहा हजार त्यातच गेले, बाकी अजून फिटायचे आहेत.

श्रावणात पुन्हा गेलो तेव्हा पलीकडच्या शेतात आडसाली लावण नुकतीच झालेली होती. डोळे फुटून हिरवे कोंब वर आले होते, सऱ्यांमध्ये पाणी चमकत होतं. मी पावलांनी मोजलं. छपरापासून पहिली सरी बारा फुटांवर होती.

"पहिल्यापेक्षा दोन फूट मागं घेतलाय," मावशी म्हणाली. "मी बोलले नव्हते. त्याचा त्यानंच घेतला."